गिऱ्हाईक नेमकं कुठून परत फिरतं?

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांच्या फोनमध्ये एक स्क्रीनशॉट हमखास सापडतो. डावीकडून उजवीकडे ठेंगणे होत जाणारे खांब, प्रत्येक खांबावर एक आकडा आणि एक टक्केवारी. वेबसाइट सांभाळणारा मुलगा तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि खाली लिहितो, ‘चेकआउटला ड्रॉप खूप आहे.’ दुकानदार सगळ्यात मोठा उतार कुठे दिसतो ते पाहतो आणि दुरुस्तीचं काम तिथून सुरू होतं. त्यात पैसे जातात, महिना जातो, आणि विक्री होती तिथेच राहते. कारण चित्रात जो उतार डोळ्यांत भरतो, तीच दुबळी पायरी असेल असं नाही.

या चित्राला फनेल रिपोर्ट म्हणतात. वस्तू पाहणं, ती कार्टमध्ये टाकणं, चेकआउट सुरू करणं, पत्ता भरणं, पैसे भरण्याचा मार्ग निवडणं आणि खरेदी पूर्ण होणं, या प्रत्येक पायरीवर किती माणसं पोहोचली याचा तो हिशेब असतो. तो नीट वाचता आला तर दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात: सगळ्यात दुबळी पायरी कोणती, आणि ती सुधारली तर किती रुपये वाढतील? दोन्ही उत्तरं साध्या गुणाकार-भागाकारानं निघतात. मात्र दुसऱ्या उत्तरात फसगत फार होते, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

समजा, मालवणजवळ एका कुटुंबाचं कोकणी मालाचं दुकान आहे. कोकम आगळ, काजू, आंबापोळी, कुळथाचं पीठ असा माल ते वेबसाइटवरून मुंबई-पुण्याला आणि राज्याबाहेरही पाठवतात. दुकान आणि त्याचे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतलेले आहेत. पायऱ्यांची नावं मात्र गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये दिसतात तीच आहेत. एका महिन्याचा स्क्रीनशॉट असा:

```
view_item            60,000   100%
add_to_cart           6,000    10%
begin_checkout        3,600     6%
add_shipping_info     2,880   4.8%
add_payment_info      1,584   2.6%
purchase              1,188   2.0%
```

सरासरी ऑर्डर ८५० रुपयांची. म्हणजे महिन्याची विक्री १०,०९,८०० रुपये.

उजवीकडच्या टक्क्यांकडे आधी पाहू, कारण घोटाळा तिथेच होतो. हे टक्के पहिल्या पायरीच्या तुलनेत काढलेले आहेत. शंभरावरून दहावर आलेला पहिला उतार भयंकर दिसतो, आणि ४.८ वरून २.६ वर येणं म्हणजे दोन टक्क्यांची किरकोळ घट वाटते. प्रत्यक्षात त्या ‘किरकोळ’ घटीत पत्ता भरून झालेली १,२९६ माणसं निघून गेली आहेत. ज्यानं नाव, घर नंबर, पिनकोड, मोबाइल नंबर सगळं टाइप केलं, तो नुसता बघायला आलेला नव्हता.

म्हणून छापील टक्के बाजूला ठेवायचे आणि फक्त मोठे आकडे घ्यायचे. प्रत्येक आकड्याला त्याच्या लगेच आधीच्या आकड्यानं भागायचं. वस्तू पाहणाऱ्यांपैकी १० टक्क्यांनी ती कार्टमध्ये टाकली. कार्टमधून ६० टक्के चेकआउटला गेले. त्यांतल्या ८० टक्क्यांनी पत्ता भरला. पत्ता भरलेल्यांपैकी ५५ टक्क्यांनी पैसे भरण्याचा मार्ग निवडला. आणि त्यांतल्या ७५ टक्क्यांची खरेदी पूर्ण झाली.

आता दुबळी पायरी कोणती? टक्का सगळ्यात कमी पहिल्या पायरीचा, १०. पण तिथे येणाऱ्यांत इन्स्टाग्रामवरचा फोटो पाहून आलेले, भाव विचारायला आलेले, चुकून क्लिक केलेले असे सगळेच असतात. बाजारपेठेतून जाणारा प्रत्येक माणूस दुकानात शिरत नाही, तसंच हे. तिथे काम करायचं तर फोटो, किंमत आणि जाहिरात यांवर करावं लागतं. तो चेकआउटचा प्रश्न नव्हे.

कार्ट ते चेकआउट ही पायरी अधिक विचार करायला लावते. तिथे २,४०० माणसं गळतात, चेकआउटच्या कुठल्याही पायरीपेक्षा जास्त. पण कार्ट अनेक जण यादीसारखी वापरतात. आज आगळ टाकून ठेवायचं, पगार झाल्यावर मागवायचं. नाहीतर एकूण किती होतं ते पाहायचं आणि बहिणीला विचारायचं. ऑनलाइन खरेदीत भरलेल्या कार्टपैकी साधारण सत्तर टक्के अर्धवट सोडल्या जातात, असं बेमार्ड इन्स्टिट्यूट ही डेन्मार्कमधली संशोधन संस्था अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगत आली आहे. त्यातला मोठा वाटा अशा ‘सध्या नुसतं बघतोय’वाल्यांचा असतो. दुकानदारानं काहीही केलं तरी त्यातले बरेच जण आज घेणार नसतात.

चेकआउट सुरू केल्यानंतर मात्र चित्र बदलतं. तिथे ८०, ५५ आणि ७५ असे तीन टक्के आहेत, आणि ५५ सरळ खाली पडलेला दिसतो. पत्ता भरून झाल्यावर निम्म्याच्या आसपास लोक परत फिरतात, याला काहीतरी ठोस कारण असणार.

कारण शोधण्याआधी चित्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावं लागतं. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात तारीख असते, ती पाहावी. आंब्याच्या दिवसांतला महिना आणि ऐन श्रावण यांची तुलना करून चालत नाही. आकडे माणसांचे आहेत की भेटींचे तेही पाहावं, कारण एकच माणूस तीनदा येऊन गेला तर भेटी तीन होतात. फनेल ‘क्लोज्ड’ आहे की ‘ओपन’ हेही महत्त्वाचं. क्लोज्ड फनेलमध्ये पहिल्या पायरीपासून क्रमानं आलेलेच मोजले जातात. ओपनमध्ये मधूनच शिरलेलेही धरले जातात, त्यामुळे कधीकधी पुढच्या पायरीवर आधीच्या पायरीपेक्षा जास्त माणसं दिसतात, आणि मग भागाकाराला काही अर्थ राहत नाही.

सगळ्यात उपयोगी पडताळणी शेवटच्या आकड्याची. चित्रात १,१८८ खरेदी आहेत. दुकानाच्या ऑर्डर वहीत त्या महिन्यात किती आहेत? वहीत १,२०६ असतील तर चिंता नको. काही लोक पैसे भरल्याबरोबर पान बंद करतात, काहींच्या फोनमध्ये मोजणी अडवणारं काहीतरी असतं. पण वहीत १,३५० निघाल्या तर गोष्ट वेगळी. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण यूपीआय. गिऱ्हाईक पैसे भरायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातं, पैसे कापले जातात, आणि ते वेबसाइटवर परत येतच नाही. ‘धन्यवाद’चं पान उघडत नाही, म्हणून खरेदीची नोंद होत नाही. मग शेवटची पायरी आहे त्यापेक्षा दुबळी दिसते आणि चांगल्या चाललेल्या पेमेंटची उगाच दुरुस्ती सुरू होते.

आणखी एक प्रश्न वेबसाइट बनवणाऱ्याला विचारावा लागतो: ही नोंद नेमकं कुठलं बटण दाबल्यावर होते? `add_shipping_info` हे नाव गूगलचं असलं, तरी ते कुठल्या क्षणी मोजायचं हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. आपल्या दुकानात ही नोंद पत्ता भरून ‘पुढे’ दाबलं की होते. त्यानंतर जे पान उघडतं त्यावर मालाची किंमत, कुरिअरचं भाडं आणि एकूण रक्कम दिसते, आणि खाली यूपीआय, कार्ड, कॅश ऑन डिलिव्हरी असे पर्याय. गिऱ्हाइकानं त्यांतला एक निवडला की `add_payment_info`. म्हणजे १,२९६ माणसं ज्या पानावरून निघून गेली त्या पानाचा पत्ता लागला. कुरिअरचं भाडं गिऱ्हाइकाला पहिल्यांदा दिसतं ते याच पानावर.

आगळाची बाटली स्वस्त आणि जड. काजू महाग आणि त्या मानानं हलका. कुरिअरवाले वजनावर पैसे घेतात, साधारणपणे अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं. दोन बाटल्या आगळ घेतलं की माल साडेचारशेचा आणि भाडं एकशे दहा. दीड हजाराच्या काजूंना मात्र तेवढंच भाडं जाणवतही नाही. हा अंदाज खरा आहे का ते पाहायला तीच पायरी कार्टच्या रकमेनुसार दोन भागांत काढून पाहिली. प्रत्येक नोंदीबरोबर कार्टची रक्कम पाठवायची सोय असते, त्यामुळे हे अवघड नाही. २,८८० पैकी निम्म्यांची कार्ट ६०० रुपयांच्या आतली निघाली, निम्म्यांची वरची. वरच्यांपैकी ६८ टक्के पुढे गेले. खालच्यांपैकी फक्त ४२ टक्के.

५५ हा आकडा खरं तर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी होती. मोठी खरेदी करणाऱ्याला फारशी अडचण नाही. छोटी खरेदी करणारा भाडं पाहून थबकतो. स्क्रीनशॉटमध्ये हे कुठेही लिहिलेलं नसतं. मोबाइल आणि संगणक, नवं आणि जुनं गिऱ्हाईक, राज्यातलं आणि बाहेरचं, अशा एखाद-दोन वाटण्या करून पाहिल्या की बहुतेक वेळा एका वाटणीत फरक उघडा पडतो. बाकीच्यांत दोन्ही बाजूंचे टक्के जवळपास सारखे निघतात, आणि तीही माहितीच असते.

तरीही आकड्यावरून कळतं ते कुठे, का हे कळत नाही. ‘का’साठी माणसांना विचारावं लागतं. दुकानाच्या मालकीणबाईंनी, ज्या गिऱ्हाइकांनी संपर्काला संमती दिली होती त्यांच्यापैकी काहींना फोन केले, तर ऐकू काय येईल? ‘अहो ताई, साडेचारशेच्या मालाला एकशे दहा कुरिअर? त्यापेक्षा दादरला मिळतं की!’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘आधी सांगितलं असतं तर पत्ता तरी भरला नसता.’ पहिली तक्रार भाड्याची आहे. दुसरी उशिरा कळल्याची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि खर्चही वेगळा.

अमेरिकेतले जॅरेड स्पूल यांनी २००९ साली सांगितलेली एक घटना या धंद्यात प्रसिद्ध आहे. एका मोठ्या दुकानाच्या वेबसाइटवर कार्ट भरल्यानंतर आणि पैसे भरण्याआधी एक छोटा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’ अशी दोन बटणं. नव्या माणसाला नाव नोंदवायचा कंटाळा यायचा, जुन्याला पासवर्ड आठवायचा नाही. स्पूल यांच्या गटानं लोकांना समोर बसवून खरेदी करायला लावली, तेव्हा हे दिसलं. ‘रजिस्टर’च्या जागी ‘पुढे चला’ असं बटण आलं आणि खातं उघडायची गरज नाही अशी एक ओळ आली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरनं वाढली. फनेल रिपोर्ट त्या फॉर्मपर्यंत आणून सोडू शकला असता. लोक तिथे का वैतागतात हे मात्र त्यांच्याजवळ बसल्यावरच समजलं.

आता रुपयांकडे वळू. समजा आपण ५५ चे ६५ करू शकलो. पहिला हिशेब बहुतेक जण असा करतात: २,८८० चे दहा टक्के म्हणजे २८८ माणसं वाढली, प्रत्येकी ८५० रुपये, म्हणजे महिन्याला २,४४,८०० रुपये. हा हिशेब चुकीचा आहे. ती २८८ माणसं पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचली एवढंच. त्यांनाही पुढची पायरी ओलांडायची आहे, आणि ती १०० पैकी ७५ जणच ओलांडतात. तेव्हा जादा ऑर्डर २१६, आणि ८५० नं गुणलं तर १,८३,६०० रुपये. मधली पायरी सुधारली की तिचा फायदा पुढच्या प्रत्येक पायरीतून गाळून घ्यावा लागतो.

याच गुणाकारातून दुबळी पायरी का शोधायची तेही कळतं. शेवटी किती खरेदी झाल्या हा सगळ्या पायऱ्यांच्या टक्क्यांचा गुणाकार असतो. ५५ चे ६५ केले की एकूण विक्री १८ टक्क्यांनी वाढते, कारण ६५ भागिले ५५ म्हणजे १.१८. तेच दहा टक्के शेवटच्या पायरीत मिळवले, ७५ चे ८५, तर वाढ १३ टक्के. पत्त्याच्या पायरीत ८० चे ९० केले, तर साडेबारा. सारखीच मेहनत घेऊन सारखेच दहा टक्के वाढत असतील, तर ते सगळ्यात कमी टक्क्याच्या पायरीवर वाढवण्यात जास्त पैसे आहेत. मेहनत मात्र सगळीकडे सारखी नसते. एखाद्या पायरीवर एक ओळ बदलून काम होतं, दुसरीकडे पेमेंट देणारी कंपनीच बदलावी लागते. तेवढा विचार गुणाकाराच्या बाहेर राहून करावा लागतो.

१,८३,६०० या आकड्यातही एक चूक उरली आहे. आपण ८५० ही सगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी वापरली. पण परत फिरणारी माणसं प्रामुख्यानं छोट्या कार्टवाली आहेत हे आत्ताच पाहिलं. त्यांची ऑर्डर सरासरी ४८० रुपयांची धरली, तर २१६ ऑर्डरचे होतात १,०३,६८० रुपये. पहिल्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी. ज्यांना आपण परत मिळवणार आहोत त्यांची सरासरी लावायची. जे आधीपासून घेतच आहेत त्यांची नव्हे. बहुतेक अंदाज इथेच फुगतात.

आणि दुकानाला मिळणारा पैसा याहून कमी असतो. आपल्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीची बरीच पार्सलं दारातून परत येतात. घरी कुणी नसतं, फोन लागत नाही, किंवा तोवर मन बदललेलं असतं. फनेलमध्ये मात्र ती ऑर्डर केव्हाच ‘खरेदी’ म्हणून मोजून झालेली असते. या दुकानात शंभरातली पंधरा पार्सलं परत येत असतील, तर हातात राहतात सुमारे ८८,००० रुपये. स्क्रीनशॉटवरून काढलेल्या कुठल्याही अंदाजाला ही कात्री लावायलाच हवी, आणि कात्रीचा आकडा दुकानाच्या स्वतःच्या वहीतून घ्यायचा.

आता उपाय. समजा ठरलं की ६०० च्या आतल्या प्रत्येक ऑर्डरमागे कुरिअरचे ४० रुपये दुकानानं सोसायचे. मालावर शंभराला चाळीस सुटतात असं धरू. ८८,००० च्या वाढीव विक्रीवर सुटतील सुमारे ३५,००० रुपये. पण चाळीस रुपयांची सूट फक्त नव्या २१६ ऑर्डरना देता येत नाही. जे आजही भाडं भरून छोटी ऑर्डर देतात, त्यांनाही ती मिळते. अशा जुन्या ऑर्डर ४५४ आहेत. दोन्ही मिळून ६७० ऑर्डर, प्रत्येकी ४० रुपये, म्हणजे २६,८०० रुपये. उरले साडेआठ हजारांच्या आत. परत आलेल्या बत्तीसेक पार्सलांचं जाण्या-येण्याचं भाडं अजून त्यातून वजा व्हायचंय. अडीच लाखांपासून सुरू झालेला आकडा खिशात पडेपर्यंत काही हजारांवर आला, आणि त्यासाठी रोज सात जादा पार्सलं बांधायची. माझं स्पष्ट मत आहे की या दुकानानं ही सूट देऊ नये.

दुसरा उपाय फुकटात होणारा आहे. भाडं उशिरा कळतं ही तक्रार होती, तर ते आधीच दाखवावं. वस्तूच्या पानावरच पिनकोड टाकायची चौकट ठेवावी, म्हणजे भाडं आणि पार्सल पोहोचण्याचा दिवस तिथेच कळेल. त्याबरोबर आगळाच्या दोन बाटल्यांसोबत पाव किलो काजू असा जोडमाल ठेवावा, म्हणजे तेवढ्याच भाड्यात ऑर्डर मोठी होते.

पण या उपायाची मोजणी करताना एक सापळा आहे, आणि त्यात जाणते लोकही अडकतात. भाडं आधी दाखवलं की ज्यांना ते परवडत नाही ते कार्टमधूनच परत जातील. पत्त्याच्या पानापर्यंत पोहोचतील ते भाडं मान्य असलेले. साहजिकच ५५ चे ६५ होतील, कदाचित ७५ ही होतील. स्क्रीनशॉट सुंदर दिसेल. आणि विक्री कदाचित एका रुपयानंही वाढलेली नसेल, कारण गळती थांबली नाही, फक्त दोन पायऱ्या अलीकडे सरकली. म्हणून सुधारणेचा निकाल त्या पायरीच्या टक्क्यावर कधीच लावायचा नाही. बदल जिथे पहिल्यांदा दिसतो त्याच्या आधीच्या पायरीवरची माणसं घ्यायची आणि त्यांच्यापैकी किती जणांची खरेदी पूर्ण झाली ते पाहायचं. इथे बदल वस्तूच्या पानावरच दिसतो, त्यामुळे वस्तू पाहणाऱ्या ६०,००० मधल्या १,१८८ पासून, म्हणजे दोन टक्क्यांपासून, मोजायला हवं. चौकट वस्तूच्या पानाऐवजी कार्टमध्ये ठेवली तर कार्ट भरणाऱ्या ६,००० मधल्या १,१८८ पासून मोजता येतं, म्हणजे १९.८ टक्क्यांपासून. वस्तू पाहून जाणाऱ्यांची गर्दी मध्ये नसली की मोजणी स्वच्छ होते, म्हणून पहिल्या चाचणीपुरती चौकट कार्टमध्येच ठेवणं मला जास्त पटतं.

चाचणी म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना जुनं कार्ट आणि निम्म्यांना नवं, एकाच काळात, कोणाला कुठलं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून. गेल्या महिन्याशी या महिन्याची तुलना करणं याला पर्याय नाही, कारण मध्ये गणपती येतात, पगार येतो, शेजारचं दुकान सेल लावतं. शिवाय आकडे काही कारण नसतानाही हलतात. २,८८० माणसांमधला ५५ टक्के हा आकडा नुसत्या योगायोगानं दोनेक टक्के इकडे-तिकडे होतो, तेव्हा पुढच्या महिन्यात ५७ दिसले म्हणून पेढे वाटू नयेत. ज्या दुकानात त्या पायरीवर महिन्याला शंभरच माणसं येतात, तिथे हा हेलकावा दहा टक्क्यांचा असतो. इतक्या छोट्या दुकानानं चाचणीच्या भानगडीत न पडता वीस गिऱ्हाइकांशी बोलावं. त्यातून जास्त कळेल.

आपल्या दुकानात रोज साधारण २०० जण कार्ट भरतात. २१६ जादा ऑर्डरचा अंदाज खरा असेल, तर नव्या बाजूला १९.८ च्या जागी २३.४ टक्के दिसायला हवेत. एवढा फरक योगायोगापासून वेगळा ओळखायला प्रत्येक बाजूला दोन हजारांच्या आसपास माणसं लागतात, म्हणजे सुमारे तीन आठवडे. फरक याच्या निम्माच असेल तर माणसं दुप्पट नाही, चौपट लागतात, आणि चाचणी तीन महिन्यांवर जाते. तेव्हा सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवायचं: तीन आठवडे चालवणार, अमुक तारखेला पाहणार, मध्येच आकडे चांगले दिसले म्हणून थांबवणार नाही. चार दिवसांनी डोकावून, नवी बाजू पुढे दिसली की चाचणी बंद करून आनंद साजरा करणारे खूप असतात. चार दिवसांच्या आकड्यांत अशी आघाडी दोन्ही बाजूंना आलटूनपालटून मिळत असते.

अंदाजही एका आकड्यात लिहू नये. या दुकानासाठी मी असं लिहीन: पायरी ५५ वरून ६० झाली तर जादा ऑर्डर १०८, विक्री सुमारे ५२,०००, ६५ झाली तर २१६ ऑर्डर, सुमारे १,०४,०००, दोन्हींतून परतीचे शंभराला पंधरा वजा. आणि गळती नुसतीच अलीकडे सरकली तर वाढ शून्य. शून्य ही शक्यता कागदावर असायलाच हवी, कारण उपाय फुकटातला असला तरी वेबसाइट बनवणाऱ्याचे आठ-दहा दिवस त्यात जातात. वार्षिक फायदा काढताना या आकड्याला डोळे मिटून बारानं गुणणंही चालणार नाही. आगळाची विक्री उन्हाळ्यात असते तेवढी थंडीत नसते, आणि दुबळी पायरी नेमकी आगळाच्या गिऱ्हाइकांची आहे.

समजा तीन आठवड्यांनी नव्या बाजूला २२ टक्के दिसले. अपेक्षेपेक्षा कमी, आणि माणसं थोडी असल्यामुळे पुरती खात्री देण्याइतकेही नाहीत; तरी नवं कार्ट ठेवायला हरकत नाही, कारण ते ठेवायला पुढे खर्च येत नाही. सूट देण्याचा निर्णय मात्र अशा अर्धवट पुराव्यावर घेता येणार नाही. मग नवा स्क्रीनशॉट काढायचा आणि भागाकार पुन्हा पहिल्या ओळीपासून करायचा. पत्त्यानंतरची पायरी ६५ च्या आसपास पोहोचली असेल, तर सगळ्यात कमी टक्का आता कार्ट ते चेकआउट या पायरीचा असेल, आणि भाडं पाहून परत जाणारे तिथेच जमा झालेले असतील. त्यांच्यातले आगळवाले किती आणि पगाराची वाट पाहणारे किती, हे पुढचं काम.